एकाच बिलावर कराचे तीन आकडे: पैशांचा फरक येतो कुठून आणि मिटवायचा कसा

प्रश्न: वरूडले आमचं पाईप-फिटिंगचं दुकान आहे. अमरावतीहून माल आला. आठ आयटमचं बिल, करपात्र रक्कम ३,२५४.२०, सगळा माल १८ टक्क्यांतला. त्याईच्या बिलावर सीजीएसटी २९२.९१ आन एसजीएसटी २९२.९१ आहे. आमच्या एक्सेलमध्ये २९२.८८ येते, आन पोर्टलवर २बी मध्येही २९२.८८ च दिसते. बिलाची रक्कम मात्र दोन्हीकडे ३,८४० च. पुतण्या म्हणते, बिल वापस पाठवा. चूक कोणाची, क्रेडिट किती घ्यायचं, आन आमच्या स्वतःच्या बिलात असं होऊ नये म्हणून एक्सेलमध्ये काय बदलायचं?

उत्तर: बिल परत पाठवू नका. चूक कोणाचीच नाही. दोघांनी एकच हिशेब वेगवेगळ्या टप्प्यावर राउंड केला आहे. होलसेलवाल्याच्या प्रोग्रामने प्रत्येक ओळीवर कर काढला, तो पैशापर्यंत राउंड केला आणि मग आठ ओळींची बेरीज मारली. तुमच्या एक्सेलने आधी करपात्र रकमेची बेरीज केली, त्यावर एकदाच ९ टक्के लावले आणि शेवटी एकदाच राउंड केलं. राउंड करणं म्हणजे अर्ध्या पैशापर्यंतचा तुकडा टाकणं किंवा जोडणं. ते आठ वेळा केलं तर आठ तुकडे साचतात, एकदा केलं तर एकच.

तुम्ही दिलेल्या बेरजेला जुळणाऱ्या आठ ओळी घेऊन हे मांडून बघू. चौथ्या रकान्यात ९ टक्क्यांचा खरा आकडा आहे, पाचव्यात राउंड केलेला.

| माल | नग × दर | करपात्र | ९% (खरा) | ९% (राउंड) |
|---|---|---|---|---|
| एल्बो | ३० × ११.८५ | ३५५.५० | ३१.९९५ | ३२.०० |
| टी | २४ × १५.६० | ३७४.४० | ३३.६९६ | ३३.७० |
| कपलर | ४० × ८.३६ | ३३४.४० | ३०.०९६ | ३०.१० |
| बॉल व्हॉल्व | ६ × १४२.७५ | ८५६.५० | ७७.०८५ | ७७.०९ |
| सोल्युशन | १० × ६७.२५ | ६७२.५० | ६०.५२५ | ६०.५३ |
| एंड कॅप | ५० × ४.६३ | २३१.५० | २०.८३५ | २०.८४ |
| टेफ्लॉन टेप | २५ × ९.४० | २३५.०० | २१.१५० | २१.१५ |
| रिड्युसर | १५ × १२.९६ | १९४.४० | १७.४९६ | १७.५० |
| एकूण | | ३,२५४.२० | २९२.८७८ | २९२.९१ |

खऱ्या आकड्याची बेरीज २९२.८७८, म्हणजे राउंड करून २९२.८८. राउंड केलेल्या ओळींची बेरीज २९२.९१. फरक तीन पैशांचा. दोन्ही कर मिळून एकीकडे ५८५.८२ आणि दुसरीकडे ५८५.७६.

आता बिलाची रक्कम दोन्हीकडे सारखी का दिसते ते बघा. ३,२५४.२० मध्ये ५८५.८२ मिळवले की ३,८४०.०२ होतात, राउंड ऑफ उणे ०.०२. ५८५.७६ मिळवले की ३,८३९.९६ होतात, राउंड ऑफ अधिक ०.०४. शेवटी दोन्हीकडे ३,८४०. देण्याघेण्याची रक्कम जुळते म्हणून कोणी खोलात जात नाही आणि कराचा फरक राउंड ऑफच्या ओळीखाली झाकून जातो. तो उघडा पडतो तो थेट २बी, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणांवरून पोर्टल बनवतं ती तुमच्या खरेदीच्या कराची यादी, ताडताना.

साधारणपणे काही ओळी वर जातात, काही खाली येतात आणि फरक आपोआप विरतो. इथे सात ओळी वर गेल्या, एकही खाली आली नाही, आणि त्यामागे निव्वळ योगायोग नाही. ज्या ओळीची करपात्र रक्कम पन्नास पैशांवर संपते, तिच्यावर ९ टक्के काढले की नेमका अर्धा पैसा उरतोच. ३५५.५० घ्या, ८५६.५० घ्या किंवा २३१.५० घ्या, प्रत्येक वेळी शेवटी ५ येणार. अर्धा पैसा आपण नेहमी वर नेतो. आठपैकी चार ओळी अशा आहेत, म्हणून बिल एकाच बाजूला झुकलं. फिटिंगच्या धंद्यात नग जास्त आणि दर पैशांत असतात, त्यामुळे पन्नास पैशांवर संपणाऱ्या रकमा हमखास येतात. दोन ओळींच्या मोटारपंपाच्या बिलात ही अडचण क्वचितच दिसते.

तिसरा आकडाही शक्य आहे. काही प्रोग्राम प्रत्येक ओळीवर आधी पूर्ण १८ टक्के काढतात, राउंड करतात आणि शेवटी बेरजेचे दोन भाग करतात. याच आठ ओळींवर तसं केलं तर एकूण ५८५.७५ येतात. त्याचे दोन सारखे भाग पैशांत होतच नाहीत. मग एकीकडे २९२.८८ आणि दुसरीकडे २९२.८७ असं बिल छापलं जातं. एकाच राज्यातल्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी एका पैशाने वेगळे दिसले तर ही आधी १८ काढून मग अर्धं करण्याची पद्धत आहे, हे लगेच ओळखा. दोन्ही कर एकाच रकमेवर एकाच दराने लागतात, त्यामुळे ते सारखेच असायला हवेत. ९ टक्के काढायचे, राउंड करायचे आणि तोच आकडा दुसऱ्या रकान्यात उतरवायचा, हीच सरळ वाट. हाच माल तुम्ही पांढुर्ण्याहून, म्हणजे मध्य प्रदेशातून आणलात तर आयजीएसटी लागतो आणि १८ टक्के एकाच रकान्यात बसतात. तिथे ओळींची बेरीज ५८५.७५ आणि एकूण रकमेवरचा कर ५८५.७६ येईल. फरक तिथेही आहे, पण एकाच पैशाचा, कारण १८ टक्क्यांत पन्नास पैशांवर संपणाऱ्या रकमांचा अर्धा पैसा उरत नाही.

कायदा काय सांगतो

सीजीएसटी कायद्याचं कलम १७० पूर्णांकनाबद्दल आहे. कर, व्याज, दंड, परतावा अशा देय रकमा जवळच्या रुपयात आणायच्या, पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वर न्यायच्या, कमी असतील तर सोडायच्या, एवढं त्यात आहे. कर ओळीवर काढायचा की बिलाच्या बेरजेवर, हे कलम सांगत नाही. बिलावर काय काय हवं ते नियम ४६ मध्ये आहे. त्यात करपात्र मूल्य, कराचा दर आणि आकारलेला कर मागितला आहे. म्हणून होलसेलवाल्याचं बिलही बरोबर आणि तुमची पद्धतही बरोबर. दोन्हीपैकी एक निवडायची आणि वर्षभर तीच ठेवायची, एवढं पथ्य पाळा.

मग २बी मध्ये तुमचाच आकडा कसा आला? विकणाऱ्याच्या विक्रीच्या विवरणात, म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये, नोंदणीकृत ग्राहकाचं बिल ओळीवार जात नाही, दरवार जातं. १८ टक्क्यांचं करपात्र मूल्य ३,२५४.२० एवढंच तिथे भरायचं असतं. पोर्टलवर हाताने भरताना त्या मूल्यावर दर लावून कराचा रकाना पोर्टलच भरतं. म्हणजे पोर्टल दराच्या एकूण मूल्यावर हिशेब करतं आणि २९२.८८ दाखवतं. होलसेलवाल्याकडे भरणाऱ्याने तो आकडा तसाच राहू दिला असावा. कागदावर ओळीवार कर, विवरणात दरवार कर, आणि तीन पैशांची दरी तिथेच पडली.

फरक राउंडिंगचाच आहे, हे कसं ओळखायचं

ही कसोटी मी प्रत्येकाला शिकवतो, कारण पैशांच्या फरकाआड खरी चूक लपते. एका ओळीवर राउंड करताना जास्तीत जास्त अर्धा पैसा इकडेतिकडे होतो. शेवटच्या बेरजेवर आणखी अर्धा. म्हणून ओळींची संख्या अधिक एक, भागिले दोन, इतके पैसे ही एका कराच्या फरकाची कमाल मर्यादा. आठ ओळींच्या बिलाला साडेचार पैसे, म्हणजे व्यवहारात चार पैसे. तुमचा फरक तीन आहे, मर्यादेत बसतो. चाळीस ओळींच्या बिलालाही ही मर्यादा वीस पैसेच राहते. उद्या बारा ओळींच्या बिलात सीजीएसटी दोन रुपयांनी वेगळा आला तर राउंडिंगला दोष देऊ नका. कुठल्या तरी ओळीचा दर चुकलाय, भाडं किंवा सूट एकीकडे धरली आणि दुसरीकडे सोडली आहे, किंवा दर टाकताना बोट घसरलंय.

दुसरी खूण करपात्र रकमेची. कराच्या राउंडिंगने करपात्र रक्कम हलत नाही. ती दोन्हीकडे पैशापैशाने जुळत असेल आणि दोन्ही करांतला फरक सारखाच असेल, तर निश्चिंत राहा. करपात्र रक्कमच वेगळी असेल, तर आधी तिचा छडा लावा, कराकडे नंतर बघा.

२बी ताडताना पुतण्याने एक्सेलमध्ये "एवढा फरक चालेल" अशी मर्यादा ठेवली तर बरं होईल. जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि करपात्र रक्कम तंतोतंत जुळली पाहिजे, आणि प्रत्येक कराच्या आकड्यात एका रुपयापर्यंत फरक चालेल, असं ठेवा. काही जण दहा रुपये ठेवतात, ते मला पटत नाही. साठ रुपयांच्या वस्तूला १८ ऐवजी ५ टक्के लागले तर दोन्ही कर मिळून फक्त ७.८० चा फरक पडतो, आणि अशी चूक त्या दहा रुपयांत गडप होते.

या बिलाचं क्रेडिट किती घ्यायचं

बिल आणि २बी यांत जो आकडा कमी असेल तो. कलम १६(२)(एए) प्रमाणे पुरवठादाराने विवरणात दिलेलं आणि तुमच्या २बी मध्ये आलेलं बिलच क्रेडिटला धरतात, म्हणून २९२.८८ च्या वरचे तीन पैसे मागू नका. उलट झालं असतं, बिलावर २९२.८८ आणि २बी मध्ये २९२.९१, तर बिलावरचा आकडा धरायचा, कारण तुमच्या हातातलं बिल हाच क्रेडिटचा आधार आहे.

नोंद अशी होईल: खरेदी ३,२५४.२०, सीजीएसटी २९२.८८, एसजीएसटी २९२.८८, राउंड ऑफ खात्याला ०.०४ नावे, आणि होलसेलवाल्याच्या खात्यात ३,८४०.०० जमा. त्याच्या वहीत तुमच्याकडून येणं ३,८४० आहे, तुमच्याकडे देणंही ३,८४०. खातेउताऱ्याला बाधा येत नाही. सहा पैसे क्रेडिटमधून निघून राउंड ऑफच्या खर्चात गेले, इतकंच.

इथे एक धोका आहे, आणि पुतण्याच्या सल्ल्यामुळे तो सांगणं भाग आहे. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम आली आहे. तिथे येणारं प्रत्येक बिल स्वीकारता येतं, नाकारता येतं किंवा प्रलंबित ठेवता येतं. तीन पैशांसाठी बिल नाकारलं तर तीन पैशांचं नाही, त्या बिलाचं पूर्ण ५८५.७६ चं क्रेडिट थांबतं. नाकारलेलं बिल २बी च्या मिळणाऱ्या क्रेडिटमध्ये येतच नाही. नाकारण्याचा पर्याय जो माल आपण घेतलाच नाही त्याच्यासाठी राखून ठेवा. आणि पैशांसाठी होलसेलवाल्याला विवरणात दुरुस्ती करायलाही सांगू नका.

खरेदी नोंदवताना आणखी एक सवय लावा. पुरवठादाराच्या बिलावरचा कर स्वतः पुन्हा काढू नका, छापलेला आकडा टाका, आणि २बी मध्ये त्याहून कमी असेल तर २बी चा. तुमच्या एक्सेलने तो नव्याने काढला म्हणूनच सुरुवातीला तुम्हाला चूक वाटली. स्वतःचा हिशेब फक्त वरची कसोटी लावण्यापुरता ठेवा.

तुमच्या बिलासाठी कोणती पद्धत

ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना ई-इन्व्हॉइस लागतं. तिथे प्रत्येक मालाचा कर वेगळा द्यावा लागतो, म्हणून त्यांनी ओळीवर राउंड करून ओळींची बेरीज घेणं सोयीचं. ई-इन्व्हॉइसच्या तपासणीत एका रुपयाची सवलत असते आणि रुपयाचं पूर्णांकन `RndOffAmt` या वेगळ्या रकान्यात जातं. 

तुम्हाला ई-इन्व्हॉइस लागू नसेल तर मी दरगटावर कर काढायला सांगेन. म्हणजे १८ टक्क्यांच्या सगळ्या ओळींची करपात्र बेरीज एक, ठिबकच्या ५ टक्क्यांच्या सामानाची दुसरी, आणि प्रत्येक बेरजेवर एकदाच कर. ओळीसमोर फक्त करपात्र रक्कम आणि दर छापा, कराचा छोटा तक्ता बिलाच्या तळाशी द्या. विवरणही दरवारच मागतं, त्यामुळे तुमचं बिल, तुमचं जीएसटीआर-१ आणि तुमच्याकडून माल नेणाऱ्या ठेकेदाराचं २बी, तिन्ही ठिकाणी एकच आकडा राहतो. वेगवेगळ्या दरांची बेरीज मात्र एकत्र करू नका.

एक्सेलमध्ये C मध्ये नग, D मध्ये दर, E मध्ये सूट (१०% अशी टक्क्याच्या चिन्हासह), F मध्ये करपात्र रक्कम आणि G मध्ये कराचा दर (१८ किंवा ५ हा नुसता आकडा) असं धरतो. ओळी ५ ते २४.

```
F5:  =ROUND(C5*D5*(1-E5),2)
K5:  =ROUND(SUMIF($G$5:$G$24,18,$F$5:$F$24),2)
L5:  =ROUND(K5*9%,2)
M5:  =L5
K6:  =ROUND(SUMIF($G$5:$G$24,5,$F$5:$F$24),2)
L6:  =ROUND(K6*2.5%,2)
M6:  =L6
N7:  =ROUND(SUM(K5:M6),2)
N8:  =ROUND(ROUND(N7,0)-N7,2)
N9:  =N7+N8
```

F च्या रकान्यातलं `ROUND` विसरू नका. ते नसेल तर सूट लावलेली रक्कम दिसायला दोन दशांशांत असते, पण आत ३७४.३९७६ असं काहीतरी दडलेलं असतं. सेलला दोन दशांशांचं स्वरूप दिल्याने आकडा बदलत नाही, नुसता तसा दिसतो, आणि बेरीज दडलेल्या आकड्यांची होते. घरी बनवलेल्या बिलांत मला सर्वांत जास्त सापडणारा दोष हाच: छापलेल्या ओळी कॅल्क्युलेटरवर मिळवल्या तर छापलेली बेरीज येत नाही. असं बिल खरोखर चुकीचं. ओळीवार राउंड केलेलं बिल निदान स्वतःशी जुळतं. तुमच्या सध्याच्या फाइलमध्ये हे आहे का ते तपासायला एक जुनं लांब बिल घ्या, छापलेल्या रकमा हाताने मिळवा आणि तळाच्या बेरजेशी ताडा.

N8 हे राउंड ऑफ. ते कर लागल्यानंतर शेवटी येतं, आणि ते भरून काढण्यासाठी करपात्र रक्कम किंवा कर कधीही हलवायचा नाही. काही दुकानदार बिल गोल करण्यासाठी एखाद्या ओळीचा दर दोन पैशांनी कमी करतात. मग तोच दर पुढच्या बिलांतही वेगळा येतो आणि हिशेब कायमचा बिघडतो.

पुतण्याने बिलासाठी मॅक्रो लिहिला असेल तर एक फरक माहीत हवा. सेलमधलं `ROUND` आणि मॅक्रोतलं `Round` सारखं वागत नाही. पहिलं अर्धा नेहमी वर नेतं. दुसरं अर्ध्याला जवळच्या सम अंकाकडे नेतं. `0.125` दोन दशांशांत आणायला सांगा: सेलमध्ये ०.१३ येईल, मॅक्रोत ०.१२. वरच्या बिलात ओळीवार हिशेब त्या सम-अंकी पद्धतीने केला असता तर बॉल व्हॉल्वला ७७.०८ आणि सोल्युशनला ६०.५२ आले असते आणि बेरीज २९२.८९ झाली असती, म्हणजे आणखी एक नवा आकडा. मॅक्रोत हे लिहा:

```
cgst = Application.WorksheetFunction.Round(taxable * 0.09, 2)
```

पायथनमध्ये लिहायचं असेल तर साधे दशांश वापरू नका. संगणक ते आत द्विमान पद्धतीने ठेवतो आणि अर्ध्यावरचा आकडा कधी वर तर कधी खाली पडतो. `round(2.675, 2)` ला पायथन २.६७ सांगतं. त्याऐवजी:

```python
from decimal import Decimal, ROUND_HALF_UP

def tax(v, rate):
    x = Decimal(v) * Decimal(rate) / 100
    return x.quantize(Decimal("0.01"), ROUND_HALF_UP)

print(tax("856.50", "9"))   # 77.09
```

रक्कम अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून द्यायची. आकडा म्हणून दिली तर `Decimal` वापरूनही जुनी खोट आत येते.

करासहित भाव सांगता तेव्हा

काउंटरवर शेतकऱ्याला तुम्ही "कपलर चौदा रुपये" असाच भाव सांगता, त्यात कर धरलेला असतो. इथे राउंडिंगची चूक पैशांची न राहता मोठी होऊ शकते. एका नगाचा कर वजा भाव काढला तर १४ भागिले १.१८ म्हणजे ११.८६४४, राउंड करून ११.८६. शंभर नग घेतले तर करपात्र १,१८६.००, कर १०६.७४ दोनदा, एकूण १,३९९.४८. सांगितलेले तर १,४०० होते. बावन्न पैसे कुठे गेले? एका नगावरचा अर्ध्या पैशाजवळचा तुकडा शंभरपट झाला. म्हणून आधी नग गुणिले करासहित भाव करा, मग १.१८ ने भागा: १,४०० भागिले १.१८ म्हणजे १,१८६.४४, कर १०६.७८ दोनदा, एकूण बरोबर १,४००.००. बिलावर नगाचा दर दाखवायचा तर चार दशांशांत दाखवा, पण हिशेब ओळीच्या रकमेवरूनच धरा. वर सांगितलेली ओळी अधिक एक भागिले दोन ही मर्यादा अशा चुकीला लागू पडत नाही. नगाचा दर राउंड केला असेल तर करपात्र रक्कमच हलते, आणि त्यावरूनच ती ओळखू येते.

एवढं करूनही कधी एक पैसा उरतोच. शंभर रुपयांच्या वस्तूचे करपात्र ८४.७५ होतात, त्यावर ९ टक्के ७.६३, दोनदा १५.२६, एकूण १००.०१. करपात्र, कर आणि एकूण ही तिन्ही पैशांत एकाच वेळी जुळवणं इथे या हिशेबाने जमत नाही. तो एक पैसा राउंड ऑफला उणे टाका आणि शेतकऱ्याकडून शंभरच घ्या.

ओळीवार कर मागणारा ग्राहक आणि परत आलेला माल

एखादा ठेकेदार प्रत्येक मालासमोर कर मागतो, किंवा जीएसटीआर-१ च्या तक्ता १२ मध्ये एचएसएनप्रमाणे कर लागतो. तेव्हा दरगटावर काढलेले २९२.८८ ओळींत वाटून द्यायचे. प्रत्येक ओळीचा खरा कर पैशापर्यंत खाली कापा, वर काहीच नेऊ नका: ३१.९९, ३३.६९, ३०.०९, ७७.०८, ६०.५२, २०.८३, २१.१५, १७.४९. बेरीज २९२.८४ येते. चार पैसे उरले. ज्यांचा कापलेला तुकडा सगळ्यांत मोठा त्यांना एकेक पैसा द्या. टी, कपलर आणि रिड्युसर यांचा तुकडा ०.६ पैशांचा आहे, त्यांना तीन पैसे गेले. चौथ्यासाठी चार ओळी अर्ध्यावर बरोबरीत आहेत, तिथे सर्वांत मोठ्या रकमेची ओळ धरा, म्हणजे बॉल व्हॉल्व, ७७.०९. आता ओळींची बेरीज २९२.८८ येते. बरोबरीत मोठी रक्कम धरायची हा नियम एकदा लिहून ठेवा, नाहीतर तेच बिल पुन्हा छापताना पैसा दुसऱ्या ओळीवर जाऊन बसेल.

हे वाटप बिलासोबत साठवून ठेवा. माल परत आला की क्रेडिट नोट त्या साठवलेल्या आकड्यावरून काढायची, नव्याने टक्के लावून नाही. बॉल व्हॉल्व सगळे परत आले तर सीजीएसटी ७७.०९. पूर्ण बिल परत आलं तर जसंच्या तसं २९२.८८. एकाच बिलाचा माल दोन-तीन खेपांत परत आला तर आधीच्या खेपांना हिशेबाने कर द्या आणि शेवटच्या खेपेला मूळ करातून आधी दिलेला वजा करून जे उरेल ते द्या. प्रत्येक खेपेला नवा ९ टक्के लावला तर सगळा माल परत येऊनही त्या बिलावर दोन-तीन पैसे कर उभा राहतो, आणि वर्षअखेरीला ते खातं शून्यावर येत नाही.